नवीन सिम घेतलं, पण जुन्या मालकाचे ओटीपी, बँकेचे मेसेज, हप्त्याचे फोन सगळं आईच्या मोबाईलवर येतंय. काय करावं?

मृण्मयी_नाशिक

मंडळी, जरा सविस्तर लिहिते कारण नक्की कुठे जायचं तेच कळत नाहीये. दिवाळीनंतर आईला नवीन प्रीपेड सिम घेऊन दिलं. ती संगमनेरला एकटी असते, मी नाशिकला. पहिल्या दिवसापासून त्यावर कुणातरी दुसऱ्याच माणसाचे मेसेज यायला लागले. एका प्रायव्हेट बँकेचे, खात्यातून इतके गेले आणि इतके शिल्लक असे. एका शाळेचे, उद्या पालक सभा आहे वगैरे. गॅस सिलिंडरचा डिलिव्हरी कोड येतो, त्यात सिन्नरच्या एका एजन्सीचं नाव असतं. आणि मधूनच ओटीपी.

याच्यावर कळस म्हणजे एका लोनचे वसुलीवाले फोन करतात आणि आई म्हणाली की तो माणूस मी नाही तर म्हणतात तुम्ही त्याच्या कोण, खोटं बोलू नका. ती घाबरते आणि आता अनोळखी नंबर उचलतच नाही. डॉक्टरांच्या क्लिनिकमधून फोन आला होता तोसुद्धा तिने घेतला नाही.

अजून एक, भावाने यूपीआयवर तिचा नंबर टाकून पैसे पाठवायला घेतले तर नाव भलत्याच माणसाचं दाखवलं. नशीब त्याने नाव वाचलं.

सिम दुकानातून रीतसर आधार देऊन घेतलंय. मग हे असं कसं? आणि थांबवायचं कसं?

केदार७७

ताई, सोपं आहे. कुणी ९० दिवस नंबर वापरला नाही की कंपनी तो लगेच दुसऱ्याला विकते. आईच्या फोनवरून १९०९ ला मेसेज करून डीएनडी लावून टाका, सगळं बंद होईल.

टॉवरवाला

केदार, अर्धं बरोबर आहे. मी टेलिकॉममध्ये बरीच वर्षं काढलीत, नंबर रिसायकल होताना रोज बघितलेत, म्हणून जरा नीट सांगतो.

९० दिवस हा आकडा दोनदा येतो आणि लोक दोन्ही एकच समजतात. पहिले ९० दिवस वापर नसल्याचे. प्रीपेड नंबरवर कॉल, मेसेज, डेटा काहीच झालं नाही तर ९० दिवसांनंतर कंपनी तो बंद करू शकते, त्याआधी नाही. तेव्हा बॅलन्स २० रुपये किंवा जास्त असेल तर २० रुपये कापून ३० दिवस वाढवून मिळतात, आणि बॅलन्स पुरेल तोपर्यंत हे चालू राहतं. तरीही बंद झालाच तर चालू करून घ्यायला १५ दिवसांची सवलत असते. दुसरे ९० दिवस त्यानंतरचे. नंबर कायमचा बंद झाला की निदान ९० दिवस तो कुणालाच द्यायचा नाही. म्हणजे जुन्या मालकाने शेवटचा फोन केल्यापासून तुमच्या आईच्या हातात सिम येईपर्यंत सहा महिने तरी गेले असणार. त्याने स्वतः सांगून नंबर बंद केला असेल तर मात्र फक्त दुसरेच ९० दिवस.

या काळात नंबर पडून राहतो, कोणी बोलत नाही, पण पाठवणारे पाठवतच राहतात. बँक, शाळा, गॅस एजन्सी यांच्या कॉम्प्युटरमध्ये नंबर तसाच असतो. नंबर मेला होता तेव्हा त्यांचे मेसेज कुठेच पोचत नव्हते, आणि न पोचलेल्या मेसेजकडे कुणी बघत नाही. आईचं सिम चालू झालं आणि ते पोचायला लागले.

डीएनडीचा इथे उपयोग नाही. त्याने जाहिराती थांबतात. बँकेचा व्यवहाराचा मेसेज, ओटीपी, गॅसचा कोड हे त्यात येत नाहीत आणि यायलाही नकोत, नाहीतर उद्या आईच्या स्वतःच्या बँकेचे मेसेज अडकतील.

अनुराधा_मस्कत

माझं पण असंच झालंय!! माझा भारतातला प्रीपेड नंबर ड्रॉवरमध्ये होता, रिचार्ज करायचं राहून गेलं आणि आता लावला तर दुसऱ्याच बाईने उचलला. माझ्या तीन बँकांना तोच नंबर आहे. परत मिळेल का? तो क्रिकेटर रजत पाटीदारला मिळाला होता ना परत?

मृण्मयी_नाशिक

अनुराधा, तुम्ही माझ्या आईच्या सिमच्या पलीकडच्या बाजूला आहात म्हणजे. तुमच्यासारखंच कुणीतरी त्या बाजूला असेल असा विचारच केला नव्हता मी, मला वाटत होतं तो माणूस कर्ज बुडवून पळालाय.

टॉवरवाला

अनुराधाताई, १५ दिवसांच्या सवलतीत असता तर मिळाला असता. आता तो रीतसर दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे, कंपनी त्यांच्याकडून काढून तुम्हाला देऊ शकत नाही. पाटीदारच्या केसमध्ये २०२५ साली छत्तीसगडमधल्या गरियाबंद जिल्ह्यात एका मुलाला तो नंबर मिळाला, त्याला विराट कोहलीचे फोन येत होते आणि त्याला वाटत होतं मित्र मस्करी करतायत. शेवटी पोलीस घरी गेले आणि त्याने सिम परत दिलं. त्या मुलाची चूक काहीच नव्हती.

तुम्ही नंबरामागे लागू नका. आज बसून तिन्ही बँकांमध्ये नंबर बदलायचा अर्ज टाका, एनआरआय ग्राहकांसाठी प्रत्येक बँकेची पद्धत वेगळी आहे, त्यांच्या साइटवर बघा. पैसे ज्या खात्यात जास्त तिथून सुरुवात करा. आणि व्हॉट्सॲप त्याच नंबरवर चालू असेल तर सेटिंगमधून आत्ताच नंबर बदला.

अनुराधा_मस्कत

हो, व्हॉट्सॲप अजून त्याच नंबरवर चालू आहे वायफायवर. ते कसं काय चालू आहे मग?

टॉवरवाला

तुमचं व्हॉट्सॲप एकदा नंबर तपासून सुरू झालंय, नंतर सिम फोनमध्ये आहे की नाही ते बघत बसलेलं नाही. त्या बाईंनी नवीन फोनवर तोच नंबर टाकून व्हॉट्सॲप सुरू केलं की कोड त्यांच्याकडे जाईल आणि त्याच क्षणी तुम्ही बाहेर. तुमचे जुने चॅट तुमच्याच फोनवर राहतात, ते त्यांना दिसत नाहीत, पण ज्या ग्रुपमध्ये तुम्ही आहात तिथे तुमच्या जागी त्या जाऊन बसतात आणि पुढचं सगळं वाचू शकतात. टू-स्टेप पिन लावलेला असेल तर त्यांना ७ दिवस थांबावं लागेल, तेवढाच वेळ तुमच्याकडे. म्हणून आज करा म्हटलं.

बँकेतली_वहिनी

मी सरकारी बँकेच्या शाखेत आहे, मृण्मयीला माझ्या बाजूने सांगते.

तुम्ही शाखेत येऊन म्हणालात की या नंबरवर दुसऱ्याचे मेसेज येतात, नंबर काढा, तर काउंटरवरचा माणूस म्हणणार खातेदाराला घेऊन या. तो आडमुठेपणा करत नाहीये. उद्या कुणीही येऊन दुसऱ्याच्या खात्याचा नंबर काढायला सांगू शकेल आणि बरेच फ्रॉड तसेच सुरू होतात. म्हणून तोंडी सांगू नका. बँकेच्या तक्रार विभागाला मेल करा आणि त्यात लिहा की हा नंबर अमुक तारखेपासून माझ्या नावावर आहे, तुमच्या ग्राहकाची माहिती मला येतेय, कृपया तुमच्या रेकॉर्डमध्ये तपासा. सोबत सिम चालू झाल्याच्या तारखेचा पुरावा जोडा. सिम कंपनीच्या गॅलरीत मागितलं तर सीएएफची, म्हणजे सिम घेताना भरलेल्या अर्जाची कॉपी किंवा साधं पत्र मिळतं. मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवायचा असेल तर रक्कम आणि शिल्लक झाकून पाठवा, पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख पुरते.

एवढ्यावर आम्ही त्या खात्याला खूण करू शकतो आणि खातेदाराला पत्त्यावर किंवा ईमेलवर कळवू शकतो. मोबाईल नंबर तोच चुकीचा असल्यामुळे त्याला फोन करून सांगता येत नाही, म्हणूनच वेळ लागतो.

सह्याद्रीवारा

पण वहिनी, बँकांना हे आधीच कळायला नको का? बंद झालेल्या नंबरांची यादी निघते असं वाचलंय.

बँकेतली_वहिनी

निघते. कायमच्या बंद झालेल्या नंबरांची यादी आहे, एमएनआरएल म्हणतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की ती वापरून ग्राहकांचे नंबर तपासा, ३१ मार्चपर्यंत पाळा. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने आठवड्यातून निदान एकदा तपासायला सांगितलंय. मृण्मयीच्या भावाला यूपीआयवर दुसऱ्याचं नाव दिसलं ते याचसाठी, जुन्या मालकाने तो नंबर आपल्या खात्याला जोडून ठेवलेला आहे आणि कुणीतरी ते तोडायचं राहिलंय.

पण शाळा, गॅस एजन्सी, छोटी पतसंस्था यांच्याकडे अशी तपासणी होताना मी तरी पाहिलेली नाही. आणि यादी सांगते नंबर बंद झाला. तो पुन्हा कुणाला दिला गेला ते पाठवणाऱ्याने स्वतः शोधायचं.

जर्सीकर

इथे अमेरिकेत त्यासाठी सरकारचा डेटाबेस आहे, २०२१ पासून. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीला नंबर आणि तारीख टाकून विचारता येतं की या तारखेनंतर हा नंबर सुटला होता का. पण इथे नंबर फक्त ४५ दिवसांनी दुसऱ्याला देता येतो, भारतापेक्षा निम्मा वेळ. माझ्या मुलीला कॉलेजसाठी नंबर घेतला तर जुन्या माणसाच्या औषधांच्या दुकानाचे मेसेज वर्षभर येत होते. त्यामुळे डेटाबेस असून प्रश्न सुटतो असं नाही.

केदार७७

मग सरळ आईच्या फोनवरून त्या शॉपिंग ॲपवर वगैरे ओटीपीने लॉगिन करून जुनी अकाउंट डिलीट करून टाकायची. नंबर आपला आहे, हक्क आपला आहे.

टॉवरवाला

केदार, हे कृपा करून कुणाला सांगू नका. नंबर तुमचा आहे, अकाउंट तुमचं नाही. आजकाल कितीतरी ॲप पासवर्ड मागतच नाहीत, नंबर टाका ओटीपी टाका आत, आणि आत त्या माणसाचा घरचा पत्ता, ऑर्डर, वॉलेटमधले पैसे. चुकून आत गेलात तर लगेच बाहेर या. मुद्दाम गेलात आणि काही बदललंत तर आयटी कायद्याच्या ६६सी कलमाखाली येऊ शकतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि लाखापर्यंत दंड. आईला ते ॲप वापरायचंच असेल तर कस्टमर केअरला लिहा की या नंबरवर आधीच दुसऱ्याचं खातं आहे, तो सोडवून द्या. आणि कुणी फोन करून ओटीपी मागितला, मी जुना मालक बोलतोय म्हणाला, तरी द्यायचा नाही. तो खरंच मालक आहे हे फोनवर कसं कळणार.

सह्याद्रीवारा

इथे मी थोडा असहमत. माझ्या बायकोच्या नंबरवर एका माणसाचं जेवण मागवायचं ॲप होतं, कस्टमर केअरने पंधरा दिवस नुसतं घुमवलं. शेवटी तिने त्या ॲपमधला खातं बंद करायचा पर्यायच दाबला. आत काही पाहिलं नाही, वॉलेट शून्य होतं. दुसरा मार्गच ठेवला नाही तर माणसाने काय करावं?

टॉवरवाला

वॉलेट शून्य आहे हे आत पाहिल्याशिवाय कसं कळलं? तुमच्या बायकोला मी दोष देत नाही, पण मी हा सल्ला देणार नाही.

सह्याद्रीवारा

ठीक आहे, तुमचा मुद्दा मान्य. पण कस्टमर केअरनं उत्तर दिलं नाही तर काय, याचं उत्तर अजून मिळालं नाही.

नंदूकाका_सातारा

मृण्मयी, मी तुला एक वेगळं सुचवतो. त्या माणसाला शोध. बँक पत्ता देणार नाही, शाळा देणार नाही, पण गॅस एजन्सी गावातली असते आणि तिथला पोरगा दर महिन्याला त्याच्या दारात जातो. आणि विचार कर, सिलिंडरचा कोड तुझ्या आईकडे येतोय म्हणजे त्या घरात सिलिंडर घेताना दर वेळी भांडण होत असणार. त्यांनाच हे सुटायला हवंय. एजन्सीला फोन कर, पत्ता मागू नकोस, फक्त म्हण की तुमच्या या ग्राहकाचा कोड आमच्याकडे येतो, त्यांना निरोप द्या आणि माझा नंबर द्या.

आईचा नको, तुझा दे.

टॉवरवाला

काका, लाखातलं सांगितलंत. बाकीच्या मेसेजसाठी एक गोष्ट जोडतो. पाठवणाऱ्याच्या जागी नाव येतं ना, त्याला हेडर म्हणतात, आधी दोन अक्षरं, मग डॅश, मग सहा अक्षरं आणि शेवटी एक अक्षर. पहिली दोन कंपनी आणि सर्कलची. मधली सहा ज्याने पाठवलंय त्याची नोंदणी केलेली. शेवटी T असेल तर व्यवहार किंवा ओटीपी, S सेवेचा, P जाहिरात, G सरकारी. मधली अक्षरं टेलिकॉम नियामक ट्रायच्या smsheader.trai.gov.in वर टाका, मालक संस्थेचं नाव येतं. नुसत्या मेसेजवरून कित्येकदा कळत नाही कुठली पतसंस्था, कुठली शाळा. तिथून कळेल आणि मग थेट त्यांनाच लिहा.

शेवटी अक्षरच नसेल, साध्या दहा आकडी नंबरवरून बँकेच्या नावाने आला असेल तर तो बँकेचा धरू नका, त्यातली लिंक उघडू नका.

आणि वसुलीवाल्यांबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी ८ आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांना फोन करता येत नाही, आणि कर्जदार सोडून त्याच्या ओळखीच्यांना त्रास देता येत नाही. आईने वाद घालू नये. संस्थेचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव विचारावं, कागदावर लिहावं, फोन ठेवावा. मग त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला तोच मेल, तोच तारखेचा पुरावा.

बँकेतली_वहिनी

एक शंका मलाही आहे. संस्थेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर ग्राहक रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातो, cms.rbi.org.in वर. पण मृण्मयीच्या आई त्या संस्थेच्या ग्राहक नाहीतच. अशी तक्रार घेतात का, कुणाला अनुभव आहे?

मृण्मयी_नाशिक

सगळ्यांचे खूप खूप आभार. काय झालं ते सांगते.

नंदूकाकांनी सांगितलं तसं एजन्सीला फोन केला. आधी त्यांना वाटलं मी सिलिंडर बुक करायला केलाय, मग समजावल्यावर एक मॅडम म्हणाल्या हो हो, ते काका दर वेळी कोड आला नाही म्हणून चिडतात. त्याच संध्याकाळी त्या काकांच्या मुलीचा मला फोन आला. काका आजारी होते, बरेच महिने हॉस्पिटल आणि मुलीच्या घरी, फोन कपाटात बंद. नंबर गेला हे त्यांना कळलंच नव्हतं. बँकेचे मेसेज येत नाहीत याचं त्यांना वाटलं की बँकेनेच बंद केले असतील. शाळेचे मेसेज नातवाचे होते.

आणि कर्ज त्यांचं नाहीच! पुतण्याने घेतलं होतं आणि संपर्क म्हणून काकांचा नंबर दिला होता. म्हणजे माझी आई शिव्या खात होती अशा माणसाच्या नावाने ज्याने कर्ज घेतलंच नव्हतं.

त्यांनी बँकेत जाऊन नंबर बदलला, गॅसचा बदलला. आधारलाही हाच नंबर होता, ते १९४७ वर विचारून मग आधार केंद्रात प्रत्यक्ष जाऊन आले, ते घरबसल्या ओटीपीने होईना कारण ओटीपी आईकडेच येणार. यूपीआयवर आता भावाला आईचं नाव दिसतं. आईचं व्हॉट्सॲप त्या मुलीला आधी सांगून मग सुरू केलं, ते काकांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपमध्ये होतं, तिथून बाहेर पडलो.

राहिलंय ते वसुलीचं. हेडरवरून संस्थेचं नाव मिळालं, सिमच्या तारखेच्या पत्रासकट मेल केलाय, काकांच्या मुलीनेही वेगळा केलाय. फोन कमी झालेत पण थांबले नाहीत. तीस दिवस झाले की लोकपालाकडे तक्रार टाकून बघते आणि वहिनींना सांगते घेतात का ते.

केदार७७

ताई, मस्त काम. मग आईसाठी दुसरं सिमच घ्यायचं ना सरळ?

मृण्मयी_नाशिक

विचार केला होता. पण दुसराही रिसायकलच निघाला तर परत पहिल्यापासून. आणि आईने आता पोस्टात, क्लिनिकमध्ये हाच दिलाय.

टॉवरवाला

बरोबर केलंत. नवीन सिम घेणाऱ्या बाकीच्यांना सांगतो, पहिले पंधरा-वीस दिवस तो नंबर बँकेला, आधारला देऊच नका. नुसता चालू ठेवा आणि काय येतं ते बघा. दुसऱ्या फोनमध्ये तो सेव्ह करून व्हॉट्सॲपवर कुणाचा फोटो दिसतो का बघा, यूपीआयवर कुणाचं नाव येतं बघा. बँकेचे मेसेज यायला लागले तर त्या आठवड्यातच दुकानात परत करून दुसरा मागा. एकदा तुमच्या स्वतःच्या दहा गोष्टी त्याला जोडल्या की मग सोडवणं तुम्हालाच अवघड.

शुभदा_कोल्हापूर

हा धागा वाचून विचारते. बाबा मागच्या महिन्यात गेले. त्यांचा नंबर पोस्टपेड आहे, बिल कशाला भरायचं म्हणून दादा बंद करायला निघालाय. करू द्यावा का?

बँकेतली_वहिनी

शुभदा, आत्ता नको. बँकेत वारसाचे अर्ज, गॅसचं नाव बदलणं, एलआयसी, सगळं उरकेपर्यंत चालू ठेवा. मृत्यूचा दाखला देऊन नंबर आईच्या किंवा दादाच्या नावावर करून घेता येतो, गॅलरीत विचारा. सिम मात्र फोनमध्येच असू दे आणि येणारे मेसेज बघत राहा, बाबांचं कुठे कुठे खातं होतं ते त्यातूनच कळतं. पण त्यांच्या ओटीपीने खात्यातून पैसे काढायला जाऊ नका, खाते वारसाच्या रीतसर पद्धतीनेच सोडवा.

शुभदा_कोल्हापूर

बरं. दादाला थांबवते. कालच एका पतसंस्थेचा मेसेज आला होता ठेवीची मुदत संपल्याचा, आम्हाला ती ठेव माहीतच नव्हती.